हायलाइट म्हणजे अल्बम नव्हे, दुकानाची पाटी

घरातून कपडे विकणाऱ्या एखाद्या बुटीकची इन्स्टाग्राम प्रोफाइल उघडा आणि बायोच्या खालचे गोल नीट वाचा. ‘न्यू’, ‘न्यू २’, ‘दिवाळी’, एक लाल बदाम, ‘हॅपी कस्टमर्स’, ‘बिहाइंड द सीन्स’. दिसायला छानच. आता स्वतःला खरेदीदार समजा. तुम्हाला कुर्ती आवडलीय आणि एवढंच विचारायचंय की ३८चं माप तुम्हाला बसेल का, कर्जतला कधी मिळेल आणि नाही बसली तर बदलून देतील का. या सहा गोलांपैकी कुठला दाबाल? उत्तर सापडत नाही, म्हणून तुम्ही मेसेज करता. रिप्लाय आला तर ठीक, नाहीतर तेवढ्यात दुसरी प्रोफाइल उघडलेली असते.

आपल्या खोपोली-खालापूर भागात कॉलेज करता करता कुर्ती, ब्लाउज, रेडीमेड नऊवारी विकणाऱ्या मुली आणि मुलं तुमच्या वर्गातही असतील. कदाचित तुम्हीच असाल. रात्री अकरा वाजता ‘प्राइस?’, ‘साइज?’, ‘सीओडी आहे का?’ याच तीन प्रश्नांना विसाव्यांदा उत्तर देताना दुसऱ्या दिवशीच्या असाइनमेंटचं काय होतं, हे त्यांना विचारा. म्हणून आजचा विषय छोटा पण नेमका: स्टोरी हायलाइट्स अशा लावायच्या की नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर बघणाऱ्याला विचारण्याआधीच मिळेल.

आधी ही सोय नक्की काय आहे ते बघू. स्टोरी २४ तासांत नाहीशी होते. डिसेंबर २०१७मध्ये इन्स्टाग्रामने आर्काइव्ह आणि हायलाइट्स आणल्या, तेव्हापासून जुनी स्टोरी आर्काइव्हमध्ये साठते आणि तिथून उचलून प्रोफाइलवर कायमची लावता येते. म्हणजे आज तुम्ही टाकलेली मापाची स्टोरी पुढच्या पावसाळ्यातही उत्तर देत राहू शकते. फक्त सेटिंग्जमध्ये ‘Save story to archive’ सुरू आहे ना, ते एकदा तपासा. ते बंद असेल तर संपलेली स्टोरी परत हाताला लागत नाही.

आता कामाला लागू. पहिलं काम कव्हर डिझाइन करण्याचं नाही, मोजण्याचं आहे. इनबॉक्स उघडा, शेवटचे ५० खरेदीचे मेसेज वाचा आणि वहीत प्रत्येक प्रश्नासमोर रेघ मारा. समजा, खोपोलीतली एक मुलगी कॉटन कुर्ती विकते आणि तिची आई मापाचे ब्लाउज शिवते. तिच्या वहीत असं निघालं असं धरू: किंमत किंवा ‘आहे का?’ १९ वेळा, माप १२, कधी आणि कसं मिळेल ८, बदलून मिळेल का ५, पैसे कसे द्यायचे आणि खरंच येईल ना ४, इतर २. झाले ५०. तुमचे आकडे वेगळे निघतील, आणि तेच हवंय. कुठल्या गोलाची गरज आहे हे तुमच्या वहीने ठरवायचं, दुसऱ्याच्या प्रोफाइलने नाही.

या यादीतली सगळ्यात मोठी ओळ बघा: किंमत, १९. पहिला विचार येतो तो ‘प्राइस’ नावाची हायलाइट करण्याचा. पण इथे एक फरक समजून घ्यायला हवा. काही प्रश्न एका वस्तूचे असतात आणि काही प्रश्न दुकानाचे. ‘ही निळी कुर्ती केवढ्याला आणि एक्सएलमध्ये आहे का’ हा वस्तूचा प्रश्न. त्याची जागा त्या पोस्टच्या कॅप्शनची पहिली ओळ: किंमत, उपलब्ध मापं, कापड. माल संपला की तीच ओळ बदलून ‘संपली’ लिहायचं. हायलाइटमध्ये एकेका वस्तूची किंमत टाकली तर आठवड्याभरात ती शिळी होते आणि मग भांडणं होतात. हायलाइट दुकानाच्या प्रश्नांसाठी: माप कसं घ्यायचं, पार्सल कधी येतं, बदलून देता का. ही उत्तरं महिनोन्‌महिने तीच राहतात. किंमतीबद्दल हायलाइटमध्ये फार तर पट्टा सांगा, जसं ‘कॉटन कुर्ती ५५० ते ८५०, ब्लाउज शिलाई अस्तरासह वेगळी’. बघणाऱ्याला आपल्या खिशात बसतंय की नाही एवढं कळलं की पुरे.

‘किंमतीसाठी डीएम करा’ ही पद्धत इथे थांबायलाच हवी, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्यामागचा हिशोब आम्हालाही माहीत आहे: मेसेज आला की बोलणं सुरू होतं, शेजारच्या बुटीकला आपला भाव कळत नाही. पण १९ जणांशी बोलणं म्हणजे १९ विक्री नव्हेत. शिवाय विचारायला संकोचणारी मुलगी विचारतच नाही, निघून जाते, आणि ती गेलेली तुमच्या मोजणीत कधीच दिसत नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० यांचाही रोख हाच आहे की ऑनलाइन विकताना एकूण किंमत आणि परताव्याच्या अटी गिऱ्हाइकाला आधीच दिसाव्यात.

वस्तूचे प्रश्न कॅप्शनकडे गेले की आपल्या मुलीकडे दुकानाचे प्रश्न उरतात आणि त्यांचे पाच गोल होतात: माप, भाव, पोच, बदल, पावती. ‘पावती’ म्हणजे गिऱ्हाइकांचे अनुभव आणि पैसे देण्याची रीत. पाचच का? फोनवर प्रोफाइल उघडली की न सरकवता साधारण चार-पाच गोलच दिसतात. सहावा गोल डावीकडे ओढून बघण्याइतका धीर नवख्या माणसाला नसतो. सण, मेळावे, पडद्यामागच्या गंमती तुम्हाला ठेवायच्याच असतील तर या पाचांच्या मागे ठेवा.

नावांबद्दल एक गंमत. हायलाइटच्या नावाला अक्षरांची मर्यादा आहे, आणि मर्यादेत बसलेलं लांब नावही गोलाखाली तुटून ‘…’ होतं. ‘साइज अँड फिटिंग गाइड’ पूर्ण दिसणारच नाही. त्यात देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी हे वेगळं अक्षर धरलं जातं, म्हणजे आपण चार अक्षरं म्हणतो ती ॲपला सात वाटू शकतात. पण आपल्या बाजाराचे जुने शब्द किती आटोपशीर आहेत बघा: माप, भाव, बदल. तुमचं गिऱ्हाईक ‘साइज’ म्हणत असेल तर खुशाल ‘साइज’ लिहा. त्याने मेसेजमध्ये वापरलेला शब्दच गोलाखाली यावा. नुसता बदाम किंवा फूल नको, कारण चिन्ह वाचून कुणालाही कळत नाही की आत मापाचा तक्ता आहे. कव्हरवरही तेच. ते गॅलरीतून निवडता येतं, त्यासाठी स्टोरी टाकावी लागत नाही, पण ते गोलात कापलं जातं. म्हणून कव्हरवर मधोमध एकच ठळक चित्र ठेवा, टेप, पार्सल असं काहीतरी. शब्द कव्हरवर लिहू नका, ते इतके बारीक होतात की वाचता येत नाहीत.

आता एक गोल उघडून आत काय हवं ते बघू. ‘माप’ घेऊ, कारण कपडा परत येण्याचं सगळ्यात मोठं कारण तेच असतं. गोंधळ एका ठिकाणी होतो: ३८ म्हणजे अंगाचं माप की कपड्याचं? छातीभोवती टेप ३६ इंच भरत असेल तर कुर्ती ३८ किंवा त्याहून थोडी सैल लागते, नाहीतर हात वर केला की ओढ बसते. विकणारी कपड्याचं माप सांगते, घेणारी आपल्या अंगाचं माप धरते आणि कुर्ती घट्ट निघते. म्हणून पहिल्या स्टोरीत मोठ्या अक्षरात एकच वाक्य: ‘खाली दिलेली मापं कपड्याची आहेत. तुमच्या अंगाच्या मापात २ इंच मिळवा.’ दुसऱ्या स्टोरीत तक्ता: एम, एल, एक्सएल आणि प्रत्येकासमोर छाती, कंबर, उंची इंचात. तिसऱ्यात छोटा व्हिडिओ: तुमच्याकडे नीट बसणारी एखादी कुर्ती जमिनीवर सपाट पसरा, काखेपासून काखेपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. घरात टेप असणाऱ्या कुणालाही हे जमतं आणि अंगाचं माप घेण्यापेक्षा यात चूक कमी होते. चौथ्यात सांगायचं की शिलाईत आत किती कापड सोडलंय, म्हणजे किती उसवता येईल, आणि कॉटन पहिल्या धुण्यात थोडं आटतं. चार स्टोऱ्या, संपलं.

एका स्टोरीत एकच उत्तर, हा नियम कटाक्षाने पाळा. फोटोची स्टोरी काही सेकंदांत आपोआप पुढे सरकते. तीत बारा ओळी कोंबल्या तर वाचणाऱ्याला बोट दाबून धरावं लागतं, आणि बहुतेक जण धरत नाहीत. मजकूर मधल्या भागात ठेवा, कारण वरच्या कडेला प्रोफाइलचं नाव येतं आणि खालच्या कडेला उत्तराची चौकट. एका हायलाइटमध्ये १०० पर्यंत स्टोऱ्या मावतात, पण ती मर्यादा गोदामाची समजा, पाटीची नाही. वरच्या बारीक रेघांचे ठिपके झालेले दिसले की माणूस आत न शिरताच बाहेर पडतो. तीन ते सहा पुरेत.

‘पोच’मध्ये आपला भाग बोलला पाहिजे. पुण्या-मुंबईच्या पेजवरून उचललेलं ‘ऑल इंडिया शिपिंग’ इथे कुणाच्या उपयोगाचं नाही, कारण निम्मं गिऱ्हाईक शिळफाटा, खालापूर, कर्जत, रसायनीचं असतं आणि त्यांचा प्रश्न असतो, ‘येऊन घेऊ का?’ म्हणून पहिली स्टोरी जवळच्यांसाठी: कुठल्या वारी, किती ते किती वाजता, कुठे भेटायचं. खोपोली स्टेशनवर देत असाल तर वेळ लोकलच्या वेळापत्रकाला जुळवून सांगा. कर्जतच्या मानाने खोपोलीला गाड्या कमी आहेत, एक चुकली की पुढचीला बराच वेळ, आणि कर्जतहून आलेली मैत्रीण फलाटावर ताटकळते. दुसरी स्टोरी लांबच्यांसाठी: कुरिअर कुठल्या दिवशी निघतं, साधारण किती दिवस लागतात, खर्च कुणाचा. तिसरी फक्त पावसाळ्यात: घाटात पाऊस लागला की उशीर होतो आणि पार्सल प्लास्टिकमध्ये गुंडाळून येतं. पाऊस संपला की ती काढून टाकायची.

इथेच एक सावधगिरी. घरातून विकणाऱ्या मुलीने घराचा पत्ता हायलाइटमध्ये कायमचा टांगून ठेवू नये. प्रोफाइल कोणीही बघतं. भेटण्याची सार्वजनिक जागा आणि वेळ सांगितली की गिऱ्हाइकाचं काम होतं. पत्ता द्यायचाच तर ऑर्डर पक्की झाल्यावर मेसेजमध्ये द्या.

‘बदल’मध्ये धीटपणे लिहा. ‘नो रिटर्न, नो एक्स्चेंज’ एवढंच लिहून मोकळं होणं सोपं असतं, पण ते चालत नाही. वर सांगितलेल्या २०२०च्या नियमांप्रमाणे माल सदोष असेल किंवा दाखवला त्यापेक्षा वेगळा निघाला तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. म्हणून दोन गोष्टी वेगळ्या करा. आमची चूक असेल, म्हणजे फाटलं, डाग निघाला, दुसराच रंग आला, तर बदलून किंवा पैसे परत, कुरिअरचा खर्च आमचा. तुमचं मन बदललं किंवा माप चुकलं तर इतक्या दिवसांत, न धुतलेली, टॅगसह, खर्च तुमचा. मापाने शिवलेला ब्लाउज बदलून मिळणार नाही, पण एकदा सैल-घट्ट करून मिळेल. तीन स्टोऱ्यांत हे मावतं. आधी वाचलेलं असलं की नंतरचं ‘पण तुम्ही सांगितलं नव्हतं’ बंद होतं, आणि गिऱ्हाइकाला तुमची पाठराखण करायची गरज पडत नाही.

‘पावती’त बहुतेक जण घसरतात. गिऱ्हाइकाने पाठवलेल्या कौतुकाचा स्क्रीनशॉट जसाच्या तसा लावला जातो, वर तिचं नाव आणि डीपी. पाठवायला निघालेल्या पार्सलचा फोटो लावला जातो, लेबलवर तिचा पत्ता आणि मोबाइल नंबर स्पष्ट वाचता येतो. २४ तासांच्या स्टोरीत ते वाईटच, हायलाइटमध्ये ते महिनोन्‌महिने टांगलेलं राहतं. आधी विचारा, मग नाव-नंबर झाकून लावा. झाकताना पारदर्शक मार्कर वापरू नका, त्यातून अक्षरं दिसतात. पूर्ण गडद पट्टी ओढा. आणि ४० स्क्रीनशॉटपेक्षा चार उपयोगाचे निवडा: एक मापाबद्दल, एक पोचण्याबद्दल, एक बदलून दिल्याबद्दल, एक धुतल्यावर रंग टिकल्याबद्दल. ‘मस्त आहे ताई’ वाचून नवख्या माणसाची शंका जात नाही. ‘एल मागवली होती, घट्ट झाली, तिसऱ्या दिवशी एक्सएल आली’ वाचून जाते.

आता क्रम. यात दोन वेगवेगळ्या रीती आहेत आणि त्या माहीत नसल्या तर सगळी मांडणी बिघडते. बाहेर, गोलांच्या रांगेत, ज्या हायलाइटमध्ये सगळ्यात अलीकडे काही टाकलं ती डावीकडे पहिली येते. आत, एका हायलाइटच्या पोटात, जुनी स्टोरी आधी दिसते आणि नवी शेवटी. म्हणून पहिल्यांदा मांडताना उलट क्रमाने बनवा: ‘पावती’ आधी, मग ‘बदल’, ‘पोच’, ‘भाव’, आणि ‘माप’ सगळ्यात शेवटी. ती आपोआप पहिल्या जागी बसेल.

बिघाड कसा होतो तेही बघा. महिन्याने तुम्ही ‘पावती’त एक नवा अनुभव टाकता. लगेच ‘पावती’ उडी मारून पहिली होते आणि ‘माप’ मागे सरकते. रांग परत लावायची तर जी पुढे हवी तिच्यात एखादी स्टोरी टाकावी लागते. सोपा उपाय असा की अनुभव रोज एकेक न टाकता महिन्यातून एकदा टाकायचे आणि त्याच दिवशी शेवटी ‘माप’मध्ये भर घालायची. आतला बिघाड जास्त महागात पडतो. भाव बदलला म्हणून तुम्ही नवी स्टोरी जोडता, ती जाऊन बसते शेवटी, आणि बघणारा पहिल्या स्टोरीतला जुना भाव वाचून ‘पण इथे ५५० लिहिलंय’ म्हणतो. त्यामुळे दुरुस्ती म्हणजे जोडणं नाही. गोलावर बोट दाबून धरा, ‘Edit highlight’मध्ये जा, जुनी स्टोरी काढा आणि मग नवी घाला. मधलीच स्टोरी बदलायची असेल तर तिच्यानंतरच्याही नव्याने टाकाव्या लागतात. म्हणून ही पाटी लिहिलेल्या मूळ चित्रांची एक प्रत फोनमध्ये वेगळ्या फोल्डरला ठेवा.

झालं की नाही हे कसं ओळखायचं? स्वतः बघून कळणार नाही, कारण तुम्हाला उत्तरं पाठ आहेत. तुमच्याकडून कधीच काही न घेतलेल्या एखाद्या मित्राला किंवा मावशीला फोन द्या. तीन प्रश्न विचारा: माझी छाती ३६, कुठलं माप घेऊ? कर्जतला कधी मिळेल? डाग निघाला तर? प्रत्येकाला दहा सेकंद. त्यांनी चुकीचा गोल दाबला तर नाव चुकलंय. गोल बरोबर दाबून आत अडकले तर स्टोऱ्यांचा क्रम किंवा अक्षरांचा आकार चुकलाय. मध्ये तोंड घालून समजावू नका. गिऱ्हाइकाला समजावायला तुम्ही तिथे नसता.

मग महिनाभराने पुन्हा ५० मेसेज मोजा. मापाच्या १२ रेघांच्या ५ झाल्या तर पाटी वाचली जातेय. १२च राहिल्या तर दोन शक्यता: लोकांना गोल दिसत नाही, किंवा उत्तर पटत नाही. पहिलीसाठी प्रत्येक पोस्टच्या कॅप्शनखाली ‘मापासाठी प्रोफाइलवरचा “माप” गोल बघा’ एवढी ओळ लिहा. दुसरीसाठी त्यांचे मेसेज पुन्हा वाचा, काय सुटलंय ते त्यांनीच लिहिलेलं असतं. वहीत नवीच ओळ उगवली, समजा लग्नसराईत ‘किती दिवसांत शिवून मिळेल’ वाढलं, तर ते ‘भाव’ किंवा ‘पोच’मध्ये आणा. सहावा गोल काढण्याआधी पाचातला कुठला रिकामा बसलाय ते बघा.

या सगळ्याने मेसेज शून्य होणार नाहीत, आणि व्हायलाही नकोत. ‘माझ्या दंडाला घट्ट होईल का?’, ‘आजीला नऊवारी बसून नेसता येईल का?’ हे प्रश्न माणसालाच विचारायचे असतात आणि माणसानेच सावकाश उत्तर द्यायचे असतात. तेवढा वेळ तुमच्याकडे उरावा म्हणून बाकीची कामं पाटीने करायची. ॲपवाले उद्या गोलांची जागा हलवतील, चौकोन करतील. तुमची ५० रेघांची वही मात्र तशीच चालेल. ती आज रात्रीच काढा.